वर्तुळ काढू नका, होल टाका: एम-८ च्या एका चुकीतून शिकलेला हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण एका छोट्या वेल्डिंग फिक्स्चरची बेस प्लेट आणि टॉप प्लेट फ्रीकॅडमध्ये काढली. व्हिडिओत मी होल घाईत टाकले आणि पुढे गेलो. म्हटलं, तो भाग इथे सविस्तर लिहितो. कारण जॉबवर्क देऊन वस्तू बनवून घेणाऱ्या नवीन माणसाचा पैसा सगळ्यात जास्त कुठे जात असेल, तर तो या भोकांत जातो. माझाही गेलाय. आधी तोच किस्सा सांगतो.

माझी पहिली ऑर्डर आणि आठ मिलिमीटरची भोकं

माझं पहिलं फिक्स्चर होतं. खाली २० मिमीची एमएस प्लेट, वर १६ मिमीची, आणि दोन्ही जोडायला चार एम-८ चे ॲलन बोल्ट. बोल्टचं डोकं वर यायला नको होतं, कारण वरच्या प्लेटवर जॉब सरकवायचा होता. मी काय केलं? एम-८ म्हणजे आठ, असं धरून दोन्ही प्लेटवर ८ मिमीची वर्तुळं काढली आणि ती आरपार कापली. डोकं व्हर्नियरने मोजलं, १३ भरलं. म्हणून वरच्या प्लेटवर १३ मिमीचं आणखी एक वर्तुळ काढून ते ८ मिमी खोल कापलं. स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. फाईल व्हीएमसीवाल्याला पाठवली आणि तोंडी सांगितलं, "खालच्या प्लेटला टॅपिंग करा दादा."

प्लेट्स घ्यायला गेलो तेव्हा ऑपरेटरने एम-८ चा टॅप हातात घेतला, खालच्या प्लेटच्या भोकात सोडला आणि तो खालून बाहेर पडला. एकही आटा नाही. "साहेब, आठच्या भोकात आठचा टॅप कुठे धरणार? भोक ६.८ चं लागतं." वरची प्लेट तर आणखी वाईट होती. डोकं १३ च्या खड्ड्यात उतरेना, आणि चार बोल्टपैकी दोन गेले की तिसरा आणि चौथा अडायचे. डिलिव्हरी दोन दिवसांवर आली होती आणि गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स मी मटेरियलमध्ये घालून बसलो होतो.

त्याने चूक केलीच नव्हती. मी जे काढलं तेच त्याने कापलं. आणि मी काढली होती नुसती वर्तुळं.

वर्तुळाला फक्त व्यास असतो

आज एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल. स्केचमधल्या वर्तुळाला फक्त व्यास असतो. हे भोक कशासाठी आहे, ते त्याला माहीत नसतं. "एम-८" हे मात्र एका भोकाचं माप नाहीच. एम-८ चा बोल्ट जिथे जिथे जातो, तिथे त्याला वेगवेगळी भोकं लागतात.

बोल्ट नुसता आरपार जायचा असेल तर भोक ९ मिमीचं. याला क्लिअरन्स होल म्हणतात. हे ९ कुठून आलं? आयएसओ २७३ या स्टँडर्डमध्ये एम-८ साठी तीन मापं दिली आहेत: घट्ट बसायला ८.४, नेहमीच्या कामाला ९ आणि ढिल्या कामाला १०. ९ घेतलं की बोल्टला चारही बाजूंनी अर्धा मिमी जागा मिळते. दोन प्लेटवरची भोकं थोडी इकडेतिकडे झाली तरी चारही बोल्ट बसतात. माझ्या ८ च्या भोकांत ती जागाच नव्हती, म्हणून तिसरा बोल्ट अडला.

त्याच बोल्टचे आटे पाडायचे असतील तर भोक ६.८ चं. हिशोब सोपा आहे. एम-८ च्या नेहमीच्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी असतं. ८ मधून १.२५ वजा केले की ६.७५ उरतात, म्हणून ६.८ चं ड्रिल. आटे हे भोकाच्या भिंतीतलं मटेरियल कापून तयार होतात. भोकच ८ चं केलं तर कापायला मटेरियल राहत नाही.

आणि डोकं बुडवायचं असेल तर १५ चं काउंटरबोअर. डोकं १३ चं असतं हे खरं, पण बऱ्याच ॲलन बोल्टच्या डोक्याला बाजूने बारीक दाते असतात आणि ते पकडून माप १३ च्या थोडं वर जातं. शिवाय भोक ९ चं असल्यामुळे बोल्ट अर्धा मिमी बाजूला सरकू शकतो. त्याचं डोकंही तेवढंच सरकणार. म्हणून १५.

बघा, एका एम-८ ची तीन मापं झाली: ९, ६.८ आणि १५. यातलं एकही ८ नाही. ही मापं पाठ करायची गरज नाही, कारण ती सॉफ्टवेअरच्या टेबलात आधीच भरलेली आहेत. आपण फक्त "एम-८, आटे हवेत" किंवा "एम-८, डोकं बुडवायचं आहे" एवढं सांगायचं. होल फीचर म्हणजे हेच.

फ्रीकॅडमध्ये प्रत्यक्ष कसं करायचं

मी फ्रीकॅड वापरतो, कारण लायसन्सचा खर्च नाही. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतील, पण क्रम हाच राहतो. सॉलिडवर्क्समध्ये याच कामाला `Hole Wizard` आहे आणि फ्यूजनमध्ये `Hole`.

आधी वरच्या प्लेटची चार भोकं घेऊ.

१. वरच्या प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर स्केच उघडा. खड्डा स्केचच्या बाजूने पडतो. स्केच खालच्या बाजूला घेतलंत तर काउंटरबोअर खाली जाईल आणि डोकं वर राहील.

२. जिथे बोल्ट हवेत तिथे चार वर्तुळं काढा. इथे वर्तुळ फक्त जागा दाखवतं. होल फीचर त्याचं केंद्र घेतं, व्यास घेत नाही. म्हणून व्यास कितीही ठेवा, पण केंद्रांची अंतरं मात्र नीट बांधा.

३. स्केच बंद करून `Hole` घ्या. प्रोफाइलमध्ये आयएसओ मेट्रिक रेग्युलर निवडा आणि `Size` मध्ये `M8`. `Threaded` ची खूण काढलेली ठेवा. क्लिअरन्स नेहमीचाच, म्हणजे मधला ठेवा. व्यासाच्या रकान्यात ९ दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तिथेच थांबून बघा काय चुकलं.

४. होल कटच्या प्रकारात `ISO 4762` निवडा. हा नेहमीच्या ॲलन बोल्टचा स्टँडर्ड नंबर आहे. खड्ड्याचा व्यास आणि खोली आपोआप भरली जाते.

५. `Depth` मध्ये `Through all`. भोक प्लेटच्या बाहेर हवेत जातंय असं दिसलं तर `Reversed` वर खूण करा.

आता खालची प्लेट. त्याच जागांवर तसंच स्केच, तेच `Hole`, तेच `M8`. फरक एवढाच की आता `Threaded` वर खूण करायची आणि होल कट `None` ठेवायचा. व्यास ६.८ होईल. `Model Thread` ची खूण करू नका. त्याने स्क्रीनवर खरेखुरे आटे दिसतात, पण फाईल जड होते आणि टॅपने आटे पाडणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. थ्रीडी प्रिंट करताना मात्र ते लागतात.

एक सवय लावून घ्या: एका प्रकारच्या भोकांसाठी एक स्केच. एकाच स्केचमध्ये एम-८ ची चार आणि एम-५ ची दोन वर्तुळं काढलीत तर होल फीचर सहाही ठिकाणी एम-८ च टाकेल. आणि उद्या गिऱ्हाईक म्हणालं "एम-१० करा", तर वरच्या प्लेटच्या फीचरमध्ये `M10` निवडा, खालच्या प्लेटच्या फीचरमध्येही `M10` निवडा. दोन जागी बदल, बस. नुसती वर्तुळं असतील तर ९, १५, खोली, ६.८ अशी सगळी मापं एकेक शोधून बदलावी लागतात, आणि एखादं राहतंच.

टेबलला बोल्ट कळतो, तुमची प्लेट कळत नाही

आता इथे नीट लक्ष द्या, कारण होल फीचर शिकलेली मंडळी पुढे इथेच अडकतात. टेबल तुम्हाला बोल्टची बरोबर मापं देतं. पण तुमची प्लेट केवढी जाड आहे याचा विचार ते करत नाही. तो हिशोब आपल्यालाच करायचा असतो.

एम-८ च्या ॲलन बोल्टचं डोकं ८ मिमी उंच असतं. खड्डा त्याहून थोडा खोल हवा, मी ८.६ धरतो. तुमच्या टेबलात दशांश थोडा वेगळा असला तर तो घ्या. वरची प्लेट १६ ची आहे, म्हणजे डोक्याखाली ७.४ मिमी मटेरियल उरलं. ठीक आहे. पण समजा पैसे वाचवायला तुम्ही प्लेट १२ ची केलीत. मग डोक्याखाली फक्त ३.४ मिमी उरतं. बोल्ट आवळला की सगळा ताण त्या पातळ कड्यावर येतो. सॉफ्टवेअर काहीही बोलणार नाही. मॉडेल हिरवंगार दिसेल.

यातूनच बोल्टची लांबीही ठरते. ७.४ मिमी वरच्या प्लेटमध्ये, आणि स्टीलच्या आट्यांत निदान बोल्टच्या व्यासाएवढं, म्हणजे ८ मिमी तरी शिरलं पाहिजे. मी दीडपट, १२ मिमी धरतो. बेरीज १९.४. दुकानात एम-८ × २० मिळतो. तो घेतला तर १२.६ मिमी आट्यांत जाईल आणि २० च्या प्लेटमधून खाली बाहेरही येणार नाही. ही बेरीज कागदावर करा, मगच बोल्ट मागवा.

दुसरी गंमत सीएसकेची. या फिक्स्चरवर जॉब टेकवायला एक पट्टी आहे, ती दोन एम-५ च्या सीएसके ॲलन स्क्रूने बसवली आहे. त्याचा नंबर `ISO 10642`. त्याच्या डोक्याचा कोन ९० अंश असतो आणि कडा धारदार धरल्या तर वरचा व्यास ११.२. आरपार भोक ५.५. कोन ९० अंशांचा असल्यामुळे हिशोब सोपा होतो: दर एक मिमी खाली गेलं की व्यास दोन मिमीने कमी होतो. ११.२ पासून ५.५ पर्यंत यायला २.८५ मिमी लागतात.

पट्टी ४ मिमीची असेल तर खाली सव्वा मिमीच्या आसपास सरळ भोक उरतं आणि स्क्रू पट्टीला नीट दाबून धरतो. पण पट्टी २ मिमीची असेल तर? वर ११.२ आणि खाली ७.२, म्हणजे सीएसके पट्टीच्या खालूनच बाहेर पडलं. डोक्याची उंची ३.१ मिमी आहे, त्यातलं एक मिमीहून जास्त खाली लोंबतं आणि खालच्या प्लेटच्या भोकाच्या कडेवर टेकतं. स्क्रू आवळलेला वाटतो, पट्टी मात्र हलते. असं झालं की लोक स्क्रूला दोष देतात. खालून बघा: भोक ५.५ ऐवजी मोठं दिसलं तर दोष पट्टीच्या जाडीचा आहे.

सीएसकेचं आणखी एक. स्टँडर्ड निवडताना चुकून इंची पद्धत निवडली तर कोन ८२ अंश येतो, कारण अमेरिकेतले नेहमीचे सीएसके स्क्रू ८२ चे असतात. आपल्या बाजारातले मेट्रिक स्क्रू ९० चे. दोन्हींचा मेळ बसत नाही. डोकं फक्त वरच्या काठावर टेकतं आणि पूर्ण बसत नाही.

आरपार नसलेलं भोक

पट्टीचे एम-५ स्क्रू १६ च्या प्लेटमध्ये जातात, पण ते भोक मी आरपार नेलं नाही, कारण खाली दुसरी प्लेट चिकटून बसते. सीएसके स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, ॲलन बोल्टची डोक्याखालून. हे विसरू नका. एम-५ × १० घेतला तर ४ मिमी पट्टीत आणि ६ मिमी आट्यांत जातो. म्हणून मी आटे ८ मिमी खोल मागितले.

मग ड्रिल किती खोल? इथे नवीन माणूस ८ च लिहितो. पण टॅपचं तोंड निमुळतं असतं, शेवटचे काही आटे अर्धवट पडतात, आणि बुरादा साठायलाही जागा लागते. मी आट्यांच्या खाली पिचच्या साधारण पाचपट जागा सोडतो. एम-५ चा पिच ०.८, म्हणजे ४ मिमी. आटे ८, ड्रिल १२. ड्रिलचं टोक टोकदार असतं, त्याचे आणखी सव्वा-दीड मिमी धरा. एकूण साडेतेराच्या आत. १६ च्या प्लेटमध्ये बसलं. ड्रिलची खोली पण ८ च लिहिली असती तर टॅप तळाला टेकून तुटला असता, आणि आत तुटलेला टॅप काढणं हे प्लेट नवीन करण्याएवढंच महाग पडतं.

फ्रीकॅडमध्ये यासाठी `Depth` ला १२ द्या आणि आट्यांची खोली वेगळी ८ द्या.

फाईल पाठवली की अर्थ हरवतो

एवढं सगळं नीट करून तुम्ही स्टेप फाईल पाठवली, की समोरच्याला पुन्हा नुसती भोकंच दिसतात. ६.८ चं भोक दिसतं, पण त्यात एम-८ चे आटे आहेत हे त्यात नसतं. लेझर कटिंगला डीएक्सएफ दिली तर आणखी वाईट, तिथे शब्दशः वर्तुळंच जातात. शिवाय १६-२० मिमीच्या प्लेटमध्ये लेझरने ६.८ चं भोक नीट येत नाही, आणि लेझरने भाजलेली कडा टॅप खाते. आट्यांची भोकं लेझरला देऊच नका. तिथे फक्त खूण करून घ्या आणि भोक ड्रिलने पाडा.

म्हणून मॉडेलबरोबर एक पानाचं ड्रॉइंग द्यायचंच, आणि त्यावर भोकांच्या ओळी लिहायच्या. माझ्या फिक्स्चरच्या ओळी अशा:

```
BASE 20 : 4 x M8 THRU (DRILL 6.8)
TOP 16  : 4 x DIA 9 THRU, CBORE DIA 15 x 8.6 DEEP
TOP 16  : 2 x M5, THREAD 8 DEEP, DRILL 4.2 x 12 DEEP
STRIP 4 : 2 x DIA 5.5 THRU, CSK DIA 11.2 x 90 DEG
```

सॉलिडवर्क्समध्ये `Hole Callout` वापरलात तर ही ओळ होल फीचरमधून आपोआप येते, आणि फीचर बदललं की ओळही बदलते. वर्तुळ कापून केलेल्या भोकाला तो फक्त व्यास आणि खोली दाखवेल, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतंच. फ्रीकॅडमध्ये मी या ओळी हाताने लिहितो आणि पाठवण्याआधी फीचर उघडून एकदा ताडून बघतो.

माझ्या प्लेट्सचं पुढे काय झालं

त्या प्लेट्स भंगारात गेल्या नाहीत, हे त्या ऑपरेटरचे उपकार. एम-१० च्या आट्यांना ८.५ चं भोक लागतं. माझी भोकं ८ ची होती, म्हणजे ती मोठी करता येत होती. त्याने खालच्या प्लेटची भोकं ८.५ करून एम-१० टॅप मारला, वरची ८ ची भोकं ११ केली आणि खड्डे १३ चे १८ केले. डोकं १० मिमी उंच, म्हणून खड्डे खोलही करावे लागले, आणि डोक्याखाली पाचच्या वर थोडंसंच मटेरियल उरलं. एम-८ च ठेवायचे असते तर हेलिकॉइल बसवता आलं असतं, पण त्याची इन्सर्ट आणि खास टॅप तेव्हा त्याच्याकडे नव्हते. फिक्स्चर चाललं. मशीनचे तास मात्र दुप्पट लागले आणि ऑर्डरमधला नफा त्यातच गेला.

भोक लहान झालं तर मोठं करता येतं, उलटं होत नाही. मी ८ ऐवजी ९ ची भोकं काढली असती तर खालच्या प्लेटला एम-१० सुद्धा वाचवू शकला नसता.

तर पुढच्या वेळी स्केचमध्ये वर्तुळ काढून त्याला व्यास द्यायला हात गेला, की स्वतःला विचारा: यातून काय जाणार आहे, आटे कोणाला आहेत, आणि डोकं कुठे बसणार? उत्तर होल फीचरमध्ये निवडा. मग प्लेटची जाडी घेऊन ती एक बेरीज कागदावर करा.

पुढच्या व्हिडिओत याच फिक्स्चरच्या डॉवेल पिनची भोकं घेऊ. तिथे ६ म्हणजे खरंच ६, पण किती काटेकोर ६, हा वेगळा हिशोब आहे. तोपर्यंत तुमचं एखादं जुनं मॉडेल उघडा आणि त्यात किती भोकं नुसती वर्तुळं आहेत ते मोजा.